०.१ आणि ०.२ मिळून ०.३ का होत नाहीत?

प्रोग्रामिंगच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास भेटतो. परीक्षा बारावीची असो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची असो की नोकरीच्या मुलाखतीआधीची. पायथॉनच्या दोन ओळी दिलेल्या असतात आणि आउटपुट काय येईल ते विचारलेले असते.

```
print(0.1 + 0.2)
print(0.1 + 0.2 == 0.3)
```

चौथीतल्या मुलालाही ही बेरीज येते. संगणक मात्र पडद्यावर हे उमटवतो:

```
0.30000000000000004
False
```

क्लासमध्ये याचे एक तयार उत्तर पाठ करून घेतात: "संगणकाला ०.१ अचूक साठवता येत नाही." उत्तर खरे आहे, त्याला गुणही मिळतात. पण ते अर्धेच आहे. कारण त्याच पायथॉनला आणखी दोन बेरजा विचारल्या, तर तो वेगळेच सांगतो.

```
print(0.1 + 0.3 == 0.4)
print(0.2 + 0.3 == 0.5)
```

दोन्ही वेळा उत्तर `True` येते. ०.१ तोच आहे, तितकाच चुकीचा साठवलेला आहे. ०.३ आणि ०.४ सुद्धा अचूक साठवता येत नाहीत. मग इथे बेरीज जुळली कशी आणि तिथे फसली कशी? हे सांगता आले तरच तो प्रश्न समजला, असे मी म्हणेन. त्यासाठी ०.१ आणि ०.२ या दोन संख्यांचा संगणकातला प्रवास पायरीपायरीने पाहू.

निम्मे करत जाणारे जग

संगणक सारे काही ० आणि १ मध्ये लिहितो. पूर्ण संख्यांना त्याने काही बिघडत नाही. अडचण अपूर्णांकात येते. आपल्या दशमान पद्धतीत दशांश चिन्हानंतरचे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या, तिसरे हजाराव्या भागाचे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत पहिले घर अर्ध्याचे, दुसरे पावाचे, तिसरे अष्टमांशाचे, चौथे सोळाव्या भागाचे. प्रत्येक घर आधीच्याच्या निम्मे. एखाद्या घरात १ असेल तर तो भाग घ्यायचा, ० असेल तर सोडायचा.

आपल्याकडच्या जुन्या रुपयाची रचना याच घडणीची होती. रुपयाच्या निम्मी अधेली, अधेलीच्या निम्मी पावली, पावलीच्या निम्मी चवली, चवलीचा निम्मा आणा. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता समजा, कोणी आपल्याकडे बरोबर दहा नवे पैसे, म्हणजे ०.१ रुपया मागितला आणि आपल्याजवळ फक्त जुनी नाणी आहेत. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तो दिला. त्यावर अर्धा आणा दिला, की ९.३७५ झाले. आणखी ०.६२५ हवेत, पण जुना पैसा १.५६२५ नव्या पैशांचा, तो जास्त होतो. त्याचे निम्मे केले तरी जास्त. चौथाई केली तर बसते, पण थोडे उरतेच. त्याच्याही निम्म्याचे नाणे पाडले तर तेही बसते आणि पुन्हा थोडे उरते. नाणी निम्मी निम्मी करत कितीही बारीक गेलो, तरी बरोबर दहा नवे पैसे कधीच भरत नाहीत.

द्विमान पद्धतीत ०.१ चे नेमके हेच होते. ते लिहिले तर असे दिसते:

```
0.000110011001100110011...
```

`0011` हा गट अखंड चालू राहतो. दशमान पद्धतीत १/३ चे ०.३३३३… होते, तसलीच ही आवर्ती संख्या. नियम साधा आहे. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिल्यावर छेदात २ शिवाय दुसरा मूळ अवयव नसेल, तरच तो द्विमान पद्धतीत संपतो. १/२, ३/४, ५/८ संपतात. १/१० च्या छेदात ५ आहे, म्हणून तो संपत नाही. ०.१ ते ०.९ या नऊ संख्यांपैकी फक्त ०.५ संपते, बाकीच्या आठ कधीच संपत नाहीत.

५३ बिट्सची जागा

न संपणारी संख्या साठवायची तर ती कुठेतरी तोडावी लागते. कुठे तोडायची याला ठरलेला नियम आहे. १९८५ साली आयईईई ७५४ नावाचे मानक आले. बर्कलीचे गणिती विल्यम काहान यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याआधी एकच आकडेमोड दोन कंपन्यांच्या यंत्रांवर वेगवेगळी उत्तरे देत असे. आज आपल्या लॅपटॉपमधला आणि मोबाइलमधला प्रोसेसर हेच मानक पाळतो. म्हणूनच ते `0.30000000000000004` पुण्यात, पणजीत आणि टोकियोत शेवटच्या अंकापर्यंत सारखे येते.

पायथॉनचा `float` आणि सी किंवा जावाचा `double` या मानकानुसार ६४ बिट्समध्ये बसतात. त्यातला एक बिट चिन्हासाठी आणि ११ बिट घातांकासाठी, म्हणजे बिंदू कुठे आहे हे सांगण्यासाठी. उरलेल्या ५२ मध्ये संख्येचे अंक असतात. पहिला अंक नेहमी १ च असल्यामुळे तो लिहावा लागत नाही, म्हणून प्रत्यक्षात ५३ अंक मिळतात. ५३ अंकांत न मावणारी संख्या सर्वांत जवळच्या मावणाऱ्या संख्येवर नेऊन बसवायची, यालाच राउंडिंग म्हणतात.

०.१ अशी बसवली की ती मूळ ०.१ पेक्षा किंचित मोठी होते. किती मोठी? दशांश चिन्हानंतर १७ शून्ये आणि मग ५५५… इतकी. एवढी शून्ये मोजत बसण्यापेक्षा या फरकाला लेखापुरते 'एक कण' म्हणू. मग सगळा हिशेब पूर्ण संख्यांत होतो.

- ०.१ साठवली जाते ती १ कण जास्त.
- ०.२ चे अंक ०.१ सारखेच, फक्त एक घर सरकलेले. म्हणून तिची चूक दुप्पट: २ कण जास्त.
- ०.३ चे अंक वेगळे आहेत. ते ५३ व्या अंकावर तोडताना खाली बसतात: २ कण कमी.
- ०.४ म्हणजे ०.२ ची दुप्पट: ४ कण जास्त.
- ०.५ अचूक.

प्रोग्राममध्ये `0.1` टाइप केल्यावर, बेरीज सुरू होण्याआधीच, ही चूक होऊन बसलेली असते. पाठ केलेले उत्तर इथपर्यंतच येते.

बेरजेच्या वेळचे दुसरे राउंडिंग

आता बेरीज करू. साठवलेले ०.१ एक कण जास्त, साठवलेले ०.२ दोन कण जास्त. दोहोंची खरी बेरीज ०.३ पेक्षा तीन कण जास्त. पण हे उत्तरसुद्धा ५३ अंकांतच बसवायचे आहे. ०.३ च्या आसपास संगणकाला लिहिता येणाऱ्या संख्या सलग नाहीत. शेजारच्या दोन संख्यांत बरोबर १० कणांचे अंतर असते. एक संख्या ०.३ च्या २ कण खाली आहे, तिलाच संगणक ०.३ म्हणतो. तिच्या वरची संख्या ८ कण वर आहे. या दोहोंच्या मध्ये काहीही लिहिता येत नाही.

आपली बेरीज आहे ३ कण वर. खालच्या संख्येपासून तिचे अंतर ५ कण. वरच्या संख्येपासूनही ५ कण. म्हणजे ती बरोबर मधोमध पडली. "जवळच्या संख्येवर बसवा" हा नियम इथे निरुपयोगी ठरतो, कारण दोन्ही सारख्याच जवळ आहेत.

अशा बरोबरीसाठी मानकात वेगळा नियम आहे: दोन शेजाऱ्यांपैकी ज्याचा शेवटचा बिट ० आहे, म्हणजे जो सम आहे, त्याला निवडा. बरोबरीच्या वेळी दरवेळी वरच ढकलले, तर लांबलचक हिशेबात बेरीज हळूहळू फुगत जाईल. समाकडे नेले की कधी वर, कधी खाली जाते आणि चूक एका बाजूला साचत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्या बाबतीत खालच्या संख्येचा, म्हणजे संगणकाच्या ०.३ चा, शेवटचा बिट १ आहे. वरच्याचा ० आहे. निवड वरच्याची होते आणि तीच `0.30000000000000004`. डावीकडे ८ कण वरची संख्या, उजवीकडे `0.3` म्हणून टाइप केलेली २ कण खालची संख्या. `==` दोन्हींचे बिट ताडून पाहतो, ते वेगळे दिसतात आणि उत्तर `False` येते. चूक फक्त एका पायरीची आहे, पण `==` ला तेवढी पुरते.

आता ०.१ + ०.३ पाहा. एक कण जास्त आणि दोन कण कमी, म्हणजे खरी बेरीज ०.४ पेक्षा एक कण कमी. तिथले शेजारी आहेत ६ कण खाली आणि ४ कण वर. गंमत म्हणजे हीसुद्धा बरोबर मधोमध पडते, दोन्हींपासून ५ कणांवर. पुन्हा सम बिटाचा नियम लागतो. फरक एवढाच, की या वेळी सम बिट असलेली संख्या म्हणजे नेमकी ती, जिला संगणक ०.४ म्हणतो. बेरीज जुळली आणि `True` आले. आणि ०.२ + ०.३ मध्ये तर दोन कण जास्त आणि दोन कण कमी एकमेकांना पुरते खोडतात, उत्तर अचूक ०.५.

म्हणजे तीन राउंडिंग लक्षात ठेवायची: पहिल्या संख्येचे, दुसऱ्या संख्येचे आणि बेरजेचे. शिवाय ज्या उत्तराशी तुलना करतो, त्याचे स्वतःचे राउंडिंग वेगळेच. या चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी साचतात. कधी जुळणे, कधी न जुळणे यामागे संगणकाची लहर नाही, सारे कागदावर आधीच मांडून दाखवता येते.

यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही निघते. बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर बदलू शकते.

```
print((0.1 + 0.2) + 0.3)   # 0.6000000000000001
print(0.1 + (0.2 + 0.3))   # 0.6
```

शाळेत शिकलेला बेरजेचा साहचर्य गुणधर्म `float` संख्यांना लागू होईलच असे नाही.

प्रश्नपत्रिकेतली इतर रूपे

हाच मुद्दा सी भाषेच्या प्रश्नपत्रिकेत वेगळ्या वेषात येतो.

```
float f = 0.1;
if (f == 0.1)
    printf("Equal");
else
    printf("Not equal");
```

इथे बेरीजच नाही, तरी उत्तर `Not equal` येते. सी मध्ये नुसते `0.1` लिहिले की ते `double` असते, ५३ अंकांचे. `float` मध्ये मात्र २४ च अंक मावतात. त्यामुळे `f` मध्ये गेलेली किंमत साधारण 0.10000000149 होते. तुलनेच्या वेळी `f` चे पुन्हा `double` केले जाते, पण गेलेले अंक परत येत नाहीत. याच प्रश्नात ०.१ च्या जागी ०.५ घातले तर `Equal` येते, कारण ०.५ दोन्हीकडे अचूक बसते. पेपर काढणारे हा बदल मुद्दाम करतात. छेदात फक्त २ चे अवयव आहेत का, हे तपासले की उत्तर सापडते.

इथे आणखी एक खाच आहे. जावामध्ये `0.1f + 0.2f == 0.3f` लिहिले तर उत्तर `true` येते. २४ अंकांत राउंडिंग वेगळ्या जागी पडते आणि ही बेरीज योगायोगाने जुळते. म्हणून "०.१ + ०.२ कधीच ०.३ नसते" असे सरसकट पाठ करणारा विद्यार्थी इथे अडकतो.

तिसरे रूप लूपचे.

```
x = 0.0
while x != 1.0:
    x = x + 0.1
```

हा लूप किती वेळा फिरेल? कागदावर दहा वेळा. प्रत्यक्षात तो थांबतच नाही. तिसऱ्या फेरीला `0.30000000000000004` येते. चौथ्या फेरीला राउंडिंग पुन्हा मदतीला येते आणि नीट 0.4 मिळते. सातव्या फेरीपर्यंत सगळे ठीक दिसते. आठव्या फेरीला `0.7999999999999999` येते आणि दहाव्याला `0.9999999999999999`. ते 1.0 नाही, म्हणून लूप पुढे जातो, अकराव्या फेरीला 1.0 ओलांडतो आणि मग त्याला थांबवणारे काहीच उरत नाही.

बऱ्याच विद्यार्थ्यांचा घोळ होतो तो पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांमुळे. सी मध्ये `printf("%f", 0.1 + 0.2)` लिहिले तर `0.300000` दिसते, कारण `%f` सहा स्थळांपर्यंतच दाखवतो. आत साठवलेली संख्या तीच, फक्त दाखवणे आखूड. `%.17g` वापरले की खरे रूप बाहेर येते. पायथॉन `print(0.1)` ला `0.1` दाखवतो, कारण ज्या सर्वांत छोट्या दशांश संख्येवरून नेमकी तीच साठवलेली किंमत परत मिळते, ती तो छापतो. ०.१ + ०.२ च्या उत्तराला मात्र `0.3` लिहून चालत नाही, ते नाव दुसऱ्या संख्येचे आहे. म्हणून ते लांबलचक शेपूट.

तुलना करायची तर कशी

परीक्षेच्या पुढच्या भागात बहुधा विचारतात, की मग यावर उपाय काय. पहिला उपाय म्हणजे `==` ऐवजी दोन संख्यांतला फरक पुरेसा लहान आहे का, हे पाहणे. पायथॉनमध्ये त्यासाठी `math.isclose(0.1 + 0.2, 0.3)` आहे आणि ते `True` देते. हातानेही `abs(a - b) < 1e-9` असे लिहितात. पण ती मर्यादा डोळे झाकून वापरू नये. अणूच्या आकाराच्या मोजमापांत १०⁻⁹ मीटर हा फरक प्रचंड असतो, तर अब्जावधींच्या आकड्यांत शेजारच्या दोन संख्यांतले अंतरच त्याहून मोठे असते. मर्यादा संख्यांच्या आकाराप्रमाणे ठरवावी लागते. `isclose` तसे आपणहून करते, फक्त शून्याशी तुलना करताना `abs_tol` वेगळे द्यावे लागते.

पैशांच्या हिशेबाला दुसरा उपाय चांगला: रुपये न ठेवता पैसे पूर्ण संख्येत ठेवावेत. १० आणि २० मिळून ३० नक्की होतात. किंवा दशमान पद्धतीनेच हिशेब करणारा `Decimal` वापरावा. त्यात `Decimal('0.1') + Decimal('0.2') == Decimal('0.3')` खरे ठरते. इथे अवतरण चिन्हे महत्त्वाची आहेत. `Decimal(0.1)` लिहिले तर आत जाण्याआधीच ०.१ चे `float` झालेले असते आणि तो एक कणही इमानेइतबारे सोबत येतो. `Decimal` ने सगळेच सुटते असेही नाही. १/३ त्यालाही अचूक लिहिता येत नाही.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटत असेल तर २५ फेब्रुवारी १९९१ ची घटना पाहावी. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा तैनात होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या आकड्याला ०.१ ने गुणत असे. ती ०.१ चोवीस बिट्समध्ये तोडून ठेवलेली होती आणि सुमारे ०.०००००००९५ ने, म्हणजे जवळपास एक कोटीव्या भागाइतकी, कमी होती. यंत्रणा जवळपास शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग होतात ३६ लाख. त्यामुळे घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकले. येणारे स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. यंत्रणेने त्याला चुकीच्या जागी शोधले, ते सापडले नाही आणि सैनिकांच्या निवासावर पडून २८ अमेरिकन सैनिक मारले गेले. तिथली मांडणी आपल्या `double` पेक्षा वेगळी होती, पण मूळ तेच: न संपणारे ०.१ तोडले आणि ती चूक साचू दिली.

उत्तर कसे लिहावे

म्हणून हा प्रश्न आला तर विद्यार्थ्याने `False` लिहून थांबू नये. ०.१ च्या छेदात ५ आहे, त्यामुळे ते द्विमान पद्धतीत संपत नाही. `double` मध्ये ५३ अंकांपर्यंत राउंड होऊन ते किंचित वाढते, तसेच ०.२ ही वाढते. बेरीज पुन्हा राउंड होते आणि `0.3` म्हणून साठवलेल्या संख्येच्या वरच्या शेजाऱ्यावर जाऊन बसते. एवढी तीन वाक्ये लिहिली, तर कारण पूर्ण होते.

पेपर काढणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. प्रश्नात भाषा आणि प्रकार स्पष्ट लिहावा, कारण `float`, `double` आणि `Decimal` यांची उत्तरे नेहमी सारखी येत नाहीत, हे वर दिसलेच. आणि नुसते आउटपुट विचारण्यापेक्षा ०.१ + ०.२ च्या जोडीला ०.१ + ०.३ द्यावे आणि एकीचे उत्तर `False`, दुसरीचे `True` का, असे विचारावे. पाठ केलेल्या एका वाक्याने त्याचे उत्तर देता येत नाही. ते देण्यासाठी राउंडिंग किती वेळा आणि कुठे होते, हे खरोखर माहीत असावे लागते.